चिंतामणी की रामा? पेडण्याच्या एका शिंपिणीचे पहिले दूरचे गिऱ्हाईक

साडीवर जुळणारे पोलके शिवून घ्यायचे म्हणजे साडी पिशवीत घालून कापडाच्या दुकानात जायचे, दुकानदाराने चार ताग्यांची टोके तिच्यावर टाकून पाहायची आणि शेवटी तागा उचलून दुकानाच्या दारात, उजेडात धरायचा, ही रीत आमच्या वाचक भगिनींना नवी नाही. दारात जाण्याचे कारण दुकानदार सांगत नसे आणि आपणही विचारीत नसू. परंतु दिव्याच्या उजेडात जुळलेला रंग उन्हात फसवतो, एवढे दोघांनाही ठाऊक असे. आता साडी बडोद्यात, शिंपीण गोव्यात आणि मध्ये केवळ मोबाईलवरील चित्र, अशी स्थिती आल्यावर ते दारात जाणेच नेमके गळून पडले. त्यातून काय घडते आणि ते कसे निस्तरावे, हे सांगण्यासाठी एक हकीकत आम्ही येथे मांडीत आहोत. ती कोणा एकीची नव्हे, प्रातिनिधिक म्हणून रचलेली आहे; परंतु तिच्यातील रंगाची अडचण मात्र पुरेपूर खरी आहे.

पेडण्याची एक तरुणी समजू या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वर्षभर शिवणकाम शिकलेली, घराच्या पडवीत यंत्र मांडून गावातील पोलकी आणि परकर शिवणारी. तिने शिवलेल्या पोलक्यांची चित्रे मोबाईलवर पाहून बडोद्याच्या एका मराठी गृहिणीने तिला पहिली दूरची मागणी दिली. घरात पुतणीचे लग्न होते. साडीचा रंग चिंतामणी. जोडीचे कापड पूर्वीच हरवलेले. बाईंनी साडीचे चित्र पाठवले, मापाचे जुने पोलके टपालाने धाडले आणि पैसेही आगाऊ दिले. मुलीने म्हाप्याच्या बाजारात जाऊन रुबियाचे कापड घेतले, अस्तर लावून पोलके शिवले आणि रवाना केले.

चार दिवसांनी निरोप आला : “अगं, माप अगदी छान बसलंय, पण रंग कुठला घातलास? साडी चिंतामणी आहे, तू रामा हिरवा पाठवलास. लग्नाला नेसू कशी मी हे?”

चिंतामणी म्हणजे आकाशी निळ्यात हिरव्याची किंचित झाक असलेला रंग. रामा म्हणजे हिरव्याकडे स्पष्ट झुकलेला. दोन्ही सख्खे शेजारी असले, तरी एकमेकांवर नेसण्यासारखे नव्हेत. मुलीने मोबाईलवरचे मूळ चित्र पुन्हा काढून पाहिले. त्यात साडी हिरवटच दिसत होती. “काकू, तुम्हीच पाठवलेला फोटो बघा,” असे लिहून मोकळे होण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो तिने आवरला आणि लिहिले :

“काकू, वाईट वाटून घेऊ नका, लग्नाआधी तुम्हाला पोलकं मिळेल. फक्त एक करा. उद्या सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीजवळ, ऊन थेट न पडेल अशा जागी साडीवर पोलकं ठेवा, बाजूला एक पांढरा कागद ठेवा आणि तिन्ही एकाच फोटोत घ्या. रात्री दिवा लावून तसाच दुसरा काढा.”

या दोन चित्रांत सारे मर्म आहे. चित्रात दिसणारा रंग हा केवळ कापडाचा नसतो. त्यावर पडलेल्या उजेडाचाही असतो. सकाळचा मोकळा उजेड निळसर-पांढरा, तर घरातील पिवळसर दिव्याचा उजेड निळ्याला दुबळा असतो. चिंतामणीसारख्या रंगावर तो पडला म्हणजे निळेपण मागे सरते आणि हिरवेपण पुढे येते. आपले डोळे ही तफावत बऱ्याच अंशी आपोआप सावरून घेतात. मोबाईलचा कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण त्याचा अंदाज पुष्कळदा चुकतो. म्हणून साडीचे एक चित्र बडोद्यात आणि पोलक्याचे दुसरे पेडण्यात काढून त्यांची तुलना करणे व्यर्थ होय. मात्र दोन्ही वस्तू एकाच चित्रात, एकाच उजेडात असल्या, तर चित्राचा रंग चुकला तरी दोघींचा सारखाच चुकतो आणि त्यांच्यातील अंतर बरेचसे खरे दिसते. पांढरा कागद हा तेथील साक्षीदार : तो पिवळट दिसला तर उजेड पिवळा होता असे समजावे.

एका चित्रावरून रंगाचा निवाडा किती फसवा, याचा अनुभव साऱ्या जगाने फेब्रुवारी 2015 मध्ये घेतला. ब्रिटनमधील एका लग्नासाठी घेतलेल्या झग्याचे चित्र मोबाईलवरून सर्वत्र पसरले. कित्येकांना तो पांढरा-सोनेरी दिसला, तर कित्येकांना निळा-काळा. झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता. परंतु चित्रावरून उजेड कसा होता हे निश्चित कळत नसल्याने ज्याने त्याने आपल्या परीने तो गृहीत धरला.

बडोद्याहून दोन्ही चित्रे आली. सकाळच्या चित्रात साडी निळी आणि पोलके हिरवे. रात्रीच्या चित्रात दोन्ही अधिक हिरवट, पण अंतर कायमच. म्हणजे बाईंची तक्रार अगदी खरी होती. शिवाय रात्रीच्या चित्रातील साडी पहिल्या मागणीच्या चित्रासारखीच दिसत होती आणि कागद पिवळा होता. तेव्हा ते पहिले चित्र दिव्याखाली काढलेले, हेही उलगडले. मग मुलीने आपल्या बाजूचा शोध घेतला. डोळ्यांना त्रास नको म्हणून संध्याकाळी मोबाईलचा पडदा पिवळसर करण्याची सोय असते. ती तिच्या मोबाईलवर चालू होती आणि म्हाप्याच्या दुकानात तिने त्याच पडद्याकडे पाहून कापड निवडले होते. आधीच हिरवट झालेले चित्र तिच्या हातात अधिकच हिरवे झाले. दोन चुका एकाच दिशेने घडल्या. त्यांतली एक बाईंची, एक तिची.

शिवलेले पोलकेच रंगवून घ्यावे, असे शेजारणीने सुचवले. परंतु रंगात रंग मिसळता येतो, काढून घेणे सोपे नसते. हिरव्यावर निळा चढवला तर फार तर गडद मोरपंखी होईल, चिंतामणी होणार नाही. त्यातही रुबिया सुती, तर शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा. सुताला लागणारा रंग पॉलिएस्टर घेत नाही, तेव्हा प्रत्येक शिवण जुन्या रंगाची रेघ होऊन उठून दिसली असती. दुसरे पोलके शिवणे एवढाच मार्ग उरला.

खर्चाचा हिशेब तिने बाईंना उघड मांडला. कापड-अस्तराचे 240 रुपये, टपालाचे 80, शिलाईचे 500. तिने लिहिले : “शिलाई आणि टपाल माझ्याकडे, कापडाचे तेवढे तुम्ही द्या. पहिलं पोलकं परत पाठवू नका, उगाच खर्च.” येथे कायदा काय म्हणतो, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी माल जुळत नसेल, तर तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. येथे मात्र रंग ठरला तो गिऱ्हाइकाच्याच चित्रावरून. त्यामुळे वाद घातला असता तर तो दोन्ही बाजूंनी लांबवता आला असता. वादापेक्षा वाटणी सोपी पडली. बाईंनी 240 रुपये त्याच संध्याकाळी पाठवले.

दुसऱ्या खेपेला मुलीने चित्र मागितलेच नाही. साडीच्या आतल्या टोकाची, निऱ्यांत खोचली जाणारी, बोटभर रुंदीची पट्टी कापून पाकिटातून पाठवायला सांगितली. नेसल्यावर ते टोक दिसत नाही आणि साडीला फॉल लावताना ते पुन्हा दुमडता येते.

पट्टी घेऊन ती प्रथम म्हाप्याला गेली. तेथे एक कापड दुकानाच्या दारात पट्टीशी इतके एकरूप झाले, की कडा शोधावी लागली. परंतु दिव्याखाली नेताच ते राखट दिसू लागले. याचे कारण असे की साडीचा रेशमी धागा आणि सुती कापड वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असतात. एका उजेडात ती डोळ्यांना सारखी भासतात, उजेड बदलला की फारकत घेतात. हा दोष चित्राचा नव्हे, कापडाचा. तेव्हा पट्टी हाती असूनही तो टळत नाही. तो ओळखण्याचा उपाय एकच : दारात पाहावे आणि दिव्याखालीही पाहावे.

पुढे डिचोलीच्या बाजारात तिला दुसरे कापड मिळाले. ते पट्टीहून किंचित गडद होते, पण दारात आणि दिव्याखाली त्याचे नाते बदलत नव्हते. आता निवड कशी करावी? तिने बाईंना विचारले, “मुहूर्त किती वाजता?” मुहूर्त सकाळचा, पण स्वागतसमारंभ रात्रीचा आणि साडी दोन्ही वेळा तीच. केवळ सकाळच असती तर म्हाप्याचे कापड चालले असते. दोन्ही वेळांसाठी तिने डिचोलीचे घेतले. त्याच जातीचा थोडा गडद रंग मुद्दाम निवडल्यासारखा शोभतो; वेगळ्या जातीचा रंग मात्र कितीही जवळचा असला तरी चुकल्यासारखाच दिसतो. कापडाचा लहान तुकडा तिने आधी टपालाने पाठवला आणि बाईंचा होकार येईपर्यंत कात्री लावली नाही. या तुकड्याच्या येण्याजाण्यात आठ दिवस गेले. लग्नाला तीन आठवडे होते म्हणून हे जमले. आठवडाच असता तर जमले नसते आणि तेव्हा पैसे परत करणे हाच सरळ मार्ग ठरला असता.

पहिले हिरवे पोलके बाईंच्या कपाटात राहिले. दुसरे लग्नाच्या पाच दिवस आधी पोचले.

त्यानंतर मुलीने आपल्या कामाची जागाही बदलली. पडवीची भिंत जांभ्याची, अंगण तांबड्या मातीचे, समोर माड आणि आंब्याची हिरवी सावली. पावसाळ्यात वर निळी ताडपत्री. या प्रत्येकाचा रंग परतून कापडावर पडतो आणि चित्रात उतरतो. आता ती चुना दिलेल्या खोलीत, खिडकीपाशी पांढरी चादर अंथरून चित्रे काढते. मागणीच्या वहीत तिने तीन रकाने वाढवले आहेत : साडीची पट्टी आली काय, तुकड्याला होकार मिळाला काय, आणि समारंभ दिवसा की रात्री. हे तिन्ही रकाने भरल्यावाचून ती कापड कापीत नाही.