रक्त गावाबाहेर जातं, सोनोग्राफी गावात येत नाही

भोरपासून दहाएक किलोमीटरवर आंबवडे आहे. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल बघायला पुण्याची माणसं सुट्टीच्या दिवशी इकडे येतात. याच गावात कुणाला लिव्हर सिऱ्होसिस असेल, तर त्या माणसाला मात्र दर सहा महिन्यांनी उलटा प्रवास करावा लागतो. उपाशीपोटी निघायचं, भोर गाठायचं, तिथे जमलं नाही तर आणखी पन्नासेक किलोमीटर पुणे. तिथे पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी. तीही काहीही दुखत-खुपत नसताना. म्हणून पहिली खेप होते, दुसरी होते आणि तिसरी भातलावणीत राहून जाते.

सिऱ्होसिसमध्ये यकृताच्या मऊ पेशी वर्षानुवर्षं मरत राहतात आणि त्यांच्या जागी चिवट व्रणाचे धागे तयार होतात. उरलेल्या पेशी या धाग्यांच्या कोंडीत पुन्हा वाढू पाहतात, त्यामुळे सगळं यकृत गाठीगाठींचं होतं. कारण दारू असेल, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, नाही तर मधुमेहासोबत साचलेली चरबी असेल. मरणं आणि वाढणं या सततच्या रहाटगाडग्यात एखाद्या पेशीची प्रत बिघडते आणि तिथून कर्करोग सुरू होतो. दिल्लीच्या एम्समध्ये सिऱ्होसिसच्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा दरवर्षी शंभरांमागे साधारण दीड जणाला यकृताचा कर्करोग झाल्याचं दिसलं. एका वर्षाचा हा आकडा छोटा वाटतो, पण सिऱ्होसिस घेऊन माणूस दहा-पंधरा वर्षं जगू शकतो.

आता सहा महिनेच का, हे बघू. या कर्करोगाच्या गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने लागतात. आपण चार महिने धरू. आकारमान दुप्पट झालं म्हणजे रुंदी दुप्पट होत नाही, ती जेमतेम सव्वापट होते. आज 1.2 सेंटिमीटर असलेली गाठ सहा महिन्यांनी 1.7 होईल, वर्षाने 2.4 आणि दीड वर्षाने 3.4. यातला 3 सेंटिमीटरचा उंबरठा महत्त्वाचा. त्याच्या आतली एकटी गाठ पोटावरून सुई घालून उष्णतेने जाळता येते आणि अनेकदा तेवढ्याने काम होतं. त्यापुढे सुईचा भरवसा कमी होत जातो. म्हणजे गाठ पहिल्यांदा दिसण्याजोगी झाली तेव्हापासूनच्या एक-दोन खेपा चुकल्या तरी निभावतं, लागोपाठ तीन चुकल्या की सोपा उपाय हातचा जातो. फ्रान्समध्ये तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासणी अशी तुलना करून पाहिली. दुप्पट वेळा तपासून फायदा वाढला नाही, म्हणून सहा महिने कायम राहिले. भारतातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेनेही 2014 च्या ‘पुरी शिफारशीं’मध्ये सोनोग्राफी आणि एएफपी ही जोडी दर सहा महिन्यांनी सांगितली आहे.

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. गर्भाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं, जन्मानंतर ते काम जवळजवळ बंद पडतं. 1963 मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा सापडलं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांना ते माणसात दिसलं. बिघडलेली पेशी आपलं बालपणीचं काम पुन्हा सुरू करते. सगळ्याच पेशी तसं करत नाहीत, ही यातली मेख. लहान गाठींपैकी बऱ्याच गाठी एएफपी सोडतच नाहीत. उलट हिपॅटायटिसने उचल खाल्ली, तर कर्करोग नसतानाही आकडा चढतो.

सोनोग्राफीही वाटते तितकी पक्की नाही. जगभरातल्या 32 अभ्यासांची 2018 मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा सिऱ्होसिसमधले सुरुवातीच्या टप्प्यातले कर्करोग नुसत्या सोनोग्राफीने शंभरांत 45 पकडले गेल्याचं दिसलं. एएफपी जोडल्यावर 63. सिऱ्होसिसचं यकृत मुळातच खडबडीत दिसतं, त्या खडबडीत एक गाठ वेगळी ओळखायची असते. यकृताचा वरचा भाग फासळ्यांच्या आणि फुप्फुसाच्या आड लपतो. पोटावर चरबी जास्त असेल तर ध्वनिलहरी खोल पोचेपर्यंत विरतात. आतड्यातल्या वायूमुळेही चित्र झाकलं जातं, म्हणून उपाशीपोटी बोलावतात. डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणतात, तेव्हा छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकतो आणि यकृत फासळ्यांखालून बाहेर येतं. ही दोन मिनिटं घाईत गेली की तपासणी होते, पण यकृत पाहून होत नाही.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत फसवा शब्द ‘नॉर्मल’ हा आहे. रिपोर्टमध्ये ‘गाठ आढळली नाही’ असं लिहिलेलं असतं. पण नीट पाहून आढळली नाही, की नीट दिसलंच नाही? रेडिओलॉजीत यासाठी ए, बी, सी अशी साधी प्रतवारी आहे. ए म्हणजे यकृत व्यवस्थित दिसलं, बी म्हणजे थोड्या अडचणी, सी म्हणजे लहान गाठ सहज निसटू शकेल इतकं अपुरं चित्र. हे एक अक्षर रिपोर्टवर नसेल तर विचारून घ्यावं. सी आलं, तर पुढच्या वेळी तोच प्रकार करण्यापेक्षा एमआरआयसारखा दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारात घेता येतो.

एक कल्पित रुग्ण घेऊ. आंबवड्यातले 56 वर्षांचे शेतकरी, मधुमेह आहे, दारू सुटून तीन वर्षं झाली, पोट सुटलेलं. पहिल्या खेपेला सोनोग्राफीत गाठ नाही, प्रत बी, एएफपी 4. सहा महिन्यांनी तसंच, एएफपी 5. तिसऱ्या खेपेला गाठ नाही, एएफपी 9. चौथ्या खेपेला पुन्हा गाठ नाही, पण एएफपी 15. प्रयोगशाळेच्या कागदावर हे सगळे आकडे बिनधोकच दिसतील, कारण निरीक्षणासाठी धोक्याची रेषा सहसा 20 वर धरतात. सुटा कागद पाहणारा डॉक्टर त्यांना घरी पाठवेल. चारही कागद शेजारी मांडणाऱ्याला मात्र चढण दिसेल. यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी वाढलेली नसताना एएफपी तिपटीहून जास्त का झालं, असा प्रश्न त्याला पडेल. म्हणून जुनी फाइल पिशवीत असणं हा या तपासणीचा भाग आहे. शक्य असेल तर प्रयोगशाळाही एकच असावी, कारण दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

मग त्यांची ट्रिपल फेज सीटी होते, आधी क्रिएटिनिन तपासून. निरोगी यकृताला तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, कर्करोगाची गाठ मात्र रोहिणीतून आपली सोय करते. शिरेत सोडलेलं औषध आधी रोहिणीतून पोचतं तेव्हा गाठ आजूबाजूपेक्षा चमकते. थोड्या वेळाने यकृत उजळतं आणि गाठ काळवंडते. सिऱ्होसिस असलेल्या माणसात, एक सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत ही जोडी स्पष्ट दिसली, तर बहुधा तुकडा काढून तपासायचीही गरज नसते. आपल्या शेतकऱ्याच्या यकृतात वरच्या बाजूला, पडद्याला लागून 1.8 सेंटिमीटरची गाठ निघते. सोनोग्राफीच्या आंधळ्या कोपऱ्यात. तीन सेंटिमीटरच्या आत असल्याने सुईचा मार्ग त्यांना उघडा आहे.

सोनोग्राफी गावातच का नेऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. छोटी यंत्रं पिशवीत मावतात. पण गर्भलिंग निवडीविरुद्ध कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी केला, 1994 मध्ये तो केंद्राने केला, आणि 2012 च्या नियमांनी हलत्या यंत्रांवर लगाम आणला. असं यंत्र नोंदलेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरता येतं. नाही तर इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. मुलींच्या घटत्या संख्येपुढे हा लगाम आवश्यक होता, याबद्दल मला शंका नाही. परिणाम मात्र असा, की यकृत पाहण्यासाठी एखाद्या डॉक्टरला यंत्र उचलून सहज आंबवड्याला जाता येत नाही. रक्ताच्या नळीला असं कुठलंच बंधन नाही. ती थंड पेटीतून रोज शहरात जाते.

म्हणून नुसत्या रक्तावर भागवण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पिवका-2 नावाची दुसरी खूण आहे. यकृत रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन बनवताना शेवटची पायरी जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने पूर्ण करतं. कर्करोगाच्या पेशीत ती पायरी अर्धवट राहते आणि अपुरं प्रोथ्रॉम्बिन रक्तात येतं. एएफपी न सोडणाऱ्या काही गाठी पिवका सोडतात, म्हणून दोन्हींची जोडी उपयोगी. पण वॉर्फरिन घेणाऱ्यात किंवा पित्तनलिका अडून कावीळ झालेल्यात कर्करोग नसताना पिवका चढतं. वय, लिंग, एएफपी, त्याचाच एल-3 हा प्रकार आणि पिवका एकत्र करून ‘गॅलड’ नावाचा गुणांक काढतात. अभ्यासांत तो चांगला ठरतो आहे, मात्र नुसत्या रक्तावर लक्ष ठेवून मृत्यू कमी होतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

खरं तर सोनोग्राफी-एएफपी जोडीचाही पुरावा अर्धाच आहे. सर्वांत मोठी चाचणी शांघायमध्ये झाली. हिपॅटायटिस बी झालेल्या 18,816 जणांपैकी निम्म्यांना दर सहा महिन्यांनी तपासलं, आणि यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी झाले. ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम 58 टक्के पार पडूनही. पण त्यातल्या सगळ्यांना सिऱ्होसिस नव्हता. सिऱ्होसिसच्या रुग्णांवर अशीच चाचणी ऑस्ट्रेलियात करू पाहिली, तेव्हा समजावून सांगितल्यावर बहुतेकांनी चिठ्ठी टाकून तपासणीविना राहायला नकार दिला आणि ती सुरूच होऊ शकली नाही.

हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा झालेल्यांना वाटतं, आता खेप सुटली. विषाणू जातो, धोका बराच उतरतो, पण सिऱ्होसिस आधीच झाला असेल तर सहा महिन्यांचा फेरा चालूच ठेवावा लागतो. उलट एका गटाचा फेरा डॉक्टर स्वतःहून थांबवतात. यकृत इतकं थकलंय की पोटात पाणी, कावीळ, भ्रम हे सगळं आहे आणि प्रत्यारोपण होणार नाही, अशा माणसात गाठ सापडली तरी तिला सुई लावण्याइतकी ताकद यकृतात उरलेली नसते. त्याला सहा महिन्यांनी उपाशीपोटी भोरला बोलावणं बंद करून पोटातलं पाणी काढणं आणि भ्रम उतरेल असं औषध देणं, एवढंच डॉक्टर चालू ठेवतात.