नवे श्रवणयंत्र : पहिले चार आठवडे

वयोमानाने कान मंद होतात तेव्हा बहुधा बारीक आवाज आधी जातात. स, श, फ ही अक्षरे, पाखरांची किलबिल, भांड्यांची किणकिण ऐकू येईनाशी होते. हे बरीच वर्षे चालले की मेंदूलाही त्यांची सवय राहत नाही. यंत्र लावताच ते सारे एकदम परत येतात. कागदाची सळसळ किंवा कौलांवरचा पाऊसही कर्कश वाटतो. यातले काय ऐकावे व काय सोडून द्यावे हे मेंदू पुन्हा शिकतो, पण यंत्र रोज लावले तरच.

स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटतो, त्याचे कारण मात्र निराळे असू शकते. आपला आवाज जबड्याच्या हाडातूनही कानात जातो आणि कानाच्या भोकातून बाहेर निसटतो. साच्याने भोक बुजले की तो आतच घुमतो. बोटांनी दोन्ही कान बंद करून 'ई' म्हटले की हे कळेल.

समजा, डिचोलीच्या एका साठीच्या शेतकऱ्याने यंत्र घेतले. पहिला आठवडा त्याने शांत खोलीत सकाळ-संध्याकाळ एकेक तास ते लावावे व घरच्या एकाच माणसाशी समोरासमोर बोलावे. पुढे रोज थोडा वेळ वाढवावा. दुसऱ्या आठवड्यात ओसरीवर बसून कोंबडी, पंप, स्कूटर असे आवाज ओळखावेत. तिसऱ्या आठवड्यात मिस्सेला पुढच्या बाकावर बसावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची गर्दी शेवटी. गर्दीत बोलणे निवडणे यंत्रालाही कठीणच जाते.

चौथ्या आठवड्यातही आवाज घुमत असेल तर यंत्र कानातच ठेवून बंद करावे आणि बोलून पाहावे. तरीही घुमला तर दोष साच्याचा. त्यातले हवेचे छिद्र मोठे करता येते का, हे तज्ज्ञ पाहतील. बंद केल्यावर घुमणे थांबले तर यंत्रातले जाड आवाज संगणकावर कमी करून घ्यावेत. शिट्टी वाजत असेल तर साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो. कान दुखणे, सोलवटणे किंवा पाणी येणे ही सवयीची बाब नव्हे. तेव्हा यंत्र काढून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पेडण्याहून तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवस मोडतो. म्हणून कोणता आवाज, कुठे, कसा खुपला हे वहीत लिहून न्यावे. 'बरोबर ऐकू येत नाही' यापेक्षा 'ताटल्या आपटल्या की कानात टोचते' हे सांगितले की तज्ज्ञाला नेमका तोच भाग जुळवता येतो.

पॉवर टिलर किंवा गवत कापायचे यंत्र चालवताना श्रवणयंत्र काढून कानांवर संरक्षक झाकणे लावावीत. श्रवणयंत्र आवाज वाढवते, तो अडवत नाही. पावसाळ्यात रात्री ते पुसून, सेलचे दार उघडे ठेवून, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे.