पुसलेल्या पोस्टचे वजन

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये दिलेला एक निकाल मी गेल्या काही वर्षांत अनेकदा वाचला आहे. अलाइड काँक्रीट नावाच्या कंपनीचा हा खटला. 2007 च्या जून महिन्यात या कंपनीचा काँक्रीटने भरलेला ट्रक चालकाचा ताबा सुटून एका मोटारीवर उलटला. मोटारीत तरुण नवरा-बायको होते. बायको गेली, नवरा वाचला. चूक कंपनीची होती हे कंपनीनेही मान्य केले. वाद उरला तो फक्त नुकसानभरपाई किती, एवढाच. इतक्या बळकट बाजूच्या माणसाला लपवण्यासारखे काही असेल असे वाटत नाही.

त्याचे फेसबुकवर खाते होते. मार्च 2009 मध्ये कंपनीच्या वकिलांनी त्या खात्यातील मजकूर मागवला आणि मागणीसोबत त्याच खात्यावरचा एक फोटो जोडला. फोटोत हा विधुर हातात बिअरचा डबा घेऊन मित्रमंडळींत उभा आहे आणि अंगातल्या टी-शर्टवर जरा चावट मजकूर आहे. शोकात बुडालेल्या नवऱ्याचे ज्युरीच्या मनातले चित्र या फोटोने बिघडेल, अशी धास्ती त्याच्या स्वतःच्या वकिलाला वाटली. कार्यालयातून त्याला निरोप गेला की खाते साफ कर. त्याने आधी खाते बंद केले. मग 15 एप्रिल रोजी लेखी उत्तर दिले गेले की आज रोजी माझे फेसबुकवर खाते नाही. पुढे खाते पुन्हा सुरू झाले आणि मे महिन्यात त्यातून 16 फोटो काढून टाकण्यात आले.

यातला एकही फोटो कायमचा गेला नाही. सोळाही फोटो अखेर प्रतिपक्षाच्या हाती आले. फोटो पुसले गेल्याचे न्यायाधीशांनी ज्युरीला स्पष्ट सांगितले आणि त्यावरून प्रतिकूल अनुमान काढण्याची मुभा दिली. तरीही ज्युरीने भरघोस भरपाई दिली. खालच्या न्यायाधीशांनी तिच्यातून चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम कापली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने परत बसवली. म्हणजे बिअरच्या डब्याने दाव्याचे फारसे काही बिघडवले नव्हते. दंड मात्र कायम राहिला: वकिलाला 5 लाख 42 हजार डॉलर आणि अशिलाला 1 लाख 80 हजार डॉलर. वकिलाची सनद पुढे पाच वर्षांसाठी निलंबित झाली. फोटो तसाच राहू दिला असता तर यातला एक डॉलरही द्यावा लागला नसता.

या निकालात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तारखांची रांग. मागणी आली, मग निरोप गेला, मग खाते बंद झाले, मग ‘खाते नाही’ असे उत्तर आले, मग फोटो गेले. माणसाच्या मनात काय होते हे न्यायालयाला दिसत नाही. त्याला दिसतात त्या तारखा. हीच पोस्ट नोटिशीच्या सहा महिने आधी, कंटाळा आला म्हणून काढली असती तर कोणी विचारले नसते. नोटिशीनंतर तिसऱ्या दिवशी काढली की त्याच कृतीला दुसरे नाव मिळते. एरवी निरुपद्रवी असलेला मजकूरही पुसल्यामुळे संशयास्पद होतो, कारण आता तो काय होता हे प्रतिपक्षाच्या कल्पनेवर सोडलेले असते.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेने विचार करतो. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 119 (जुन्या पुरावा कायद्याचे कलम 114) न्यायालयाला असे गृहीत धरण्याची मुभा देते की, जो पुरावा एखादा पक्ष सादर करू शकला असता पण करत नाही, तो सादर झाला असता तर त्याच पक्षाच्या विरोधात गेला असता. ही मुभा आहे, सक्ती नाही. न्यायाधीश परिस्थिती पाहून ठरवतात. भारतीय न्याय संहितेचे कलम 241 त्यापुढे जाते. न्यायालयात सादर करण्याची सक्ती ज्याच्याबाबत होऊ शकते असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो पुराव्यात येऊ नये या हेतूने लपवणे वा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत हीच मर्यादा दोन वर्षांची होती. येथे हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि तो बहुधा त्या तारखांवरूनच शोधला जातो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेचे संरक्षण खरेच आहे. पण गप्प बसण्याचा हक्क वेगळा आणि पाटी पुसणे वेगळे.

दंडाची भीती बाजूला ठेवली तरी पुसण्याने होणारे दुसरे नुकसान मला अधिक मोठे वाटते. ते समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कवयित्रीने 3 नोव्हेंबरच्या रात्री फेसबुकवर लिहिले की, एका प्रातिनिधिक संग्रहाच्या संपादकाने तिच्या चार कविता न विचारता छापल्या आणि वर सहभागी कवींकडून पैसेही घेतले. रागाच्या भरात तिने ‘चोर’ हा शब्द वापरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढून तिने ‘हे योग्य नाही’ असे लिहिले. खाली 63 प्रतिक्रिया आल्या. त्यांत दोन कवींनी आपल्याकडूनही असेच पैसे घेतल्याचे लिहिले. 12 नोव्हेंबरला संपादकाच्या वकिलाची नोटीस आली: पोस्ट काढा, माफी मागा, नाहीतर बदनामीचा दावा. घरचे म्हणतात, काढून टाक बाई, कशाला ती कटकट!

ती पोस्ट काढली तर काय जाते? ‘चोर’ हा शब्द जात नाही. त्याचा स्क्रीनशॉट संपादकाने 3 तारखेलाच घेतला असणार. जातो तो बदललेला मजकूर आणि तो नोटिशीच्या आठ दिवस आधी स्वतःहून बदलल्याचा इतिहास, म्हणजे तिच्या सद्‌हेतूचा पुरावा. जातात त्या दोन कवींच्या प्रतिक्रिया. बदनामीच्या दाव्यात ‘मी लिहिले ते सत्य आहे’ हा सर्वांत मोठा बचाव, आणि तिच्या सत्याचे साक्षीदार पोस्टखालीच उभे होते. पोस्टबरोबर तेही पुसले जातात. न्यायालयापुढे उरते ती प्रतिपक्षाने कापून घेतलेली प्रत, आणि ती अपुरी आहे हे दाखवायला तिच्या हाती काही नसते.

पोस्ट लोकांसमोर तशीच ठेवावी असेही नाही. ती रोज नव्याने वाचली जात असेल तर प्रतिपक्षाचे नुकसान वाढते आहे, असा युक्तिवाद होतो, आणि तो अगदीच पोकळ नसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी जतन, मग नजरेआड करणे. आणि पुसणे झालेच तर वकिलाच्या सल्ल्याने, लेखी कळवून.

जतन म्हणजे फोनवर एक स्क्रीनशॉट नव्हे. आमच्या कवयित्रीने संगणकावर बसून पोस्टच्या तारखेवर क्लिक करावे, म्हणजे त्या एकाच पोस्टचे पान स्वतंत्र पत्त्यासह उघडते. सगळ्या प्रतिक्रिया आणि त्यांवरची उत्तरे उलगडावीत, मजकूर बदलल्याचा इतिहास उघडावा आणि वरचा पत्ता व तारीख दिसेल अशा रीतीने ते पान पीडीएफ म्हणून साठवावे. पान वरपासून खालपर्यंत सरकवतानाचे स्क्रीन रेकॉर्डिंग केले तर मधला भाग गाळल्याचा आरोप करणे अवघड होते. त्यानंतर खात्याच्या सेटिंगमधील आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीतून आपल्या खात्याची प्रत मागवावी. ती लगेच मिळत नाही. तयार झाली की कळवले जाते. आणि त्या प्रतीत आपले लेखन असते, इतरांच्या प्रतिक्रिया पूर्ण असतीलच असे नाही. म्हणून पानाची वेगळी प्रत घेणे टळत नाही.

आता या फायली नंतर बदलल्या नाहीत हे कसे दाखवायचे? त्यासाठी ‘हॅश’ असतो. फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून गणित करून काढलेली ती एक खूण असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. विंडोज संगणकावर ती काढायला एवढी एक ओळ पुरते:

```
certutil -hashfile purava.zip SHA256
```

उत्तरादाखल 64 अंक-अक्षरांची माळ मिळते. ती त्याच दिवशी वकिलाला ईमेलने पाठवावी. मूळ फाइल एका पेन ड्राइव्हवर बाजूला ठेवावी आणि वाचायला तिची नक्कल वापरावी. पण हॅश काय सिद्ध करतो याबद्दल गैरसमज नको. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढेच तो सांगतो. हॅश काढण्याआधीच कोणी खाडाखोड केली असेल तर ती खाडाखोडसुद्धा तो तितक्याच निष्ठेने जपतो. म्हणून जतन जितक्या लवकर, तितके त्याला वजन.

या हॅशची गरज आता कायद्यातच आली आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, मॉडेल, क्रमांक आणि हॅश विचारलेला आहे. त्यामुळे ज्या फोनवरून पोस्ट लिहिली तो वाद मिटेपर्यंत विकू नये, रीसेटही करू नये. जुना फोन देऊन नवा घेण्याची दिवाळी ऑफर अशा वेळी फार महागात पडू शकते.

प्रमाणपत्र हा किती कळीचा मुद्दा होऊ शकतो, हे जालन्याच्या निवडणूक खटल्याने दाखवून दिले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर घेतला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. त्याचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मात्र ते देणे दुसऱ्याच्या हाती असेल आणि पक्षकाराने आपल्या परीने सर्व प्रयत्न केले असतील, तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. आमच्या कवयित्रीला ही सवलत मिळणे कठीण. तिचा फोन आणि तिचे खाते तिच्याच हातात आहे.

जतन झाल्यावर पोस्टची दृश्यता Only me करता येते. मजकूर आणि प्रतिक्रिया जागेवर राहतात, लोकांना दिसणे थांबते. वकिलाच्या उत्तरात एक वाक्य जावे: अमुक तारखेस पोस्ट सार्वजनिक दृष्टीआड केली आहे, तिची संपूर्ण प्रत राखली आहे, आणि यास आरोपांची कबुली समजू नये. व्हॉट्सॲपवर या विषयाचे बोलणे झाले असेल तर संदेश आपोआप नाहीसे करण्याची सोय त्याच दिवशी बंद करावी. ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांची असते आणि आपण विसरलो तरी ती विसरत नाही. मित्रांना ‘तुमच्या प्रतिक्रिया काढा’ असे सांगणे सर्वांत वाईट, कारण मग पुसण्यात दुसरा माणूस ओढला जातो आणि तो निरोपही लेखी राहतो.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. वादातला मजकूर बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असेल, तर तो साठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. तेथे प्रत घ्यायची नाही. पत्ता, तारीख आणि वेळ लिहून घेऊन पोलिसांकडे जायचे.

जतन केलेले किती काळ ठेवायचे, असे मला विचारले जाते. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. दावा दाखल झाला तर अपिलाची शेवटची तारीख उलटेपर्यंत तो पेन ड्राइव्ह कपाटात राहू द्यावा.