दांडा सैल, फवारा गायब

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला म्हणून दोन लिटरच्या हातपंपात कडुनिंबाच्या तेलाचं मिश्रण भरलं, दांडा भराभर वरखाली केला, खटका दाबला आणि नोझलमधून दोन थेंब ओघळले. गच्चीवर बाग करणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी पहिला हात नोझलकडे जातो, त्यात टाचणी खुपसली जाते. दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडेच असतो.

या पंपात टाकी साधारण दोन तृतीयांश भरायची असते. उरलेल्या जागेत दांडा हवा ठासतो आणि ती दाबलेली हवा पाण्याला नळीतून नोझलकडे ढकलते. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि त्याच्या खाचेत रबरी वायसर. जुन्या सायकलपंपात कातडी वायसर जे काम करायचा, तेच हा करतो. नळकांड्याच्या तळाशी एक लहान रबरी झडप असते. टाकीत शिरलेली हवा ती परत येऊ देत नाही.

आता दांडा काय सांगतो ते पाहावं. तो कितीही मारला तरी सैलच राहिला, तळहाताला विरोध जाणवलाच नाही, तर वायसर झिजला किंवा सुकला आहे. खाली दाबलेला दांडा आपोआप वर येत असेल, तर तळाची झडप गळते आहे. दांडा व्यवस्थित घट्ट होत गेला आणि तरीही फवारा आला नाही, तरच नोझल तुंबलं असं म्हणायचं. तुंबलेल्या नोझलमुळे दाब कमी होत नाही. उलट हवा-पाण्याला वाट नसल्यामुळे तो टिकून राहतो. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी खटपट वाचते.

पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवरचा पंप या दोन्ही दुखण्यांचा नमुना म्हणावा असा आहे. पाणी बोअरचं, म्हणजे क्षारांचं. फवारणी झाल्यावर उरलेलं मिश्रण टाकीतच ठेवायची सवय. दांडा पूर्ण सैल झाला होता. आधी हातमोजे घालून दाब सोडला, टाकी रिकामी करून धुतली, मग पंप बाहेर काढला. तळाचं भोक अंगठ्यानं घट्ट बंद करून दांडा खाली ढकलला, तरी तो अडला नाही. वायसर शाबूत असता, तर आत कोंडलेल्या हवेनं दांडा अडवला असता.

खाचेतून काढलेली रिंग एका बाजूनं चपटी आणि गुळगुळीत झाली होती. जुनी रिंग सोबत घेऊन पंपाचे सुटे भाग मिळणाऱ्या दुकानातून नवी आणली, पण ती जरा जाड निघाली. दांडा दोन्हीकडे जड झाला आणि हवा काही भरेना. इथे पुष्कळांची फसगत होते. अशा पंपात रिंगला खाचेत थोडी वरखाली सरकायला जागा लागते. दांडा वर येताना ती खाली सरकते आणि बाजूनं हवा आत घेते. दांडा खाली जाताना ती वर सरकून वाट बंद करते. गच्च बसलेली रिंग हवा आतच घेत नाही. म्हणून आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळायला हवीत. योग्य मापाची रिंग बसवून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. खोबरेल तेल टाळलेलं बरं, कारण काही जातींचं रबर त्यानं फुगतं.

दांडा घट्ट झाला, दाब आला, आणि आता दुसरा दोष उघडा पडला: फवाऱ्याऐवजी वाकडी धार. नोझल उघडल्यावर आत तेलाचा चिकट थर आणि त्यावर पांढरे क्षार दिसले. सगळे भाग कोमट साबणपाण्यात धुतले, मग अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवले आणि जुन्या टूथब्रशनं घासले. तार किंवा सुई वापरली नाही, कारण भोक किंचित जरी वाकडं किंवा मोठं झालं, तरी बारीक तुषार पुन्हा मिळत नाहीत. तोंडानं फुंकर तर मुळीच मारू नये. त्या भोकातून औषध गेलेलं असतं. खटक्याजवळच्या नळीत बारीक जाळी असेल, तर तीही काढून धुवावी.

त्या पंपावर आता फवारणीनंतर टाकीत साधं पाणी भरून ते नोझलमधून सोडलं जातं. दशपर्णी अर्कासारखं घरी केलेलं द्रावण दुहेरी सुती कापडातून गाळूनच आत जातं.

नव्या रिंगनंही दाब आला नाही, तर नळकांडं उजेडात धरून आतून पाहावं. वाळूच्या कणांनी उभे ओरखडे पडले असतील, तर त्यांतून हवा निसटतच राहते आणि कुठलाही वायसर ती अडवू शकत नाही. मग नळकांड्यासकट पंपाचा तेवढा भाग बदलावा लागतो.