एकच सेवा, दोन वर्गण्या

नाशिकमधल्या एखाद्या घरात गेल्या दिवाळीत काय घडलं असेल ते पाहू. मुलाने टीव्हीवर क्रिकेट पाहण्यासाठी एका व्हिडिओ सेवेचं अ‍ॅप घेतलं आणि वर्गणी प्ले स्टोअरमधून भरली. दरमहा 149 रुपये, यूपीआय ऑटोपेने. चार महिन्यांनी वडिलांनी मोबाइलचा पोस्टपेड प्लॅन बदलला. नव्या प्लॅनमध्ये तीच सेवा मिळत होती. कंपनीचा एसएमएस आला, वडिलांनी त्यातली लिंक दाबली, ओटीपी टाकला आणि सेवा सुरू झाली. मुलाचे 149 रुपये मात्र जातच राहिले.

हे दोन व्यवहार एकमेकांना ओळखत कसे नाहीत, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मोबाइल कंपनीकडून मिळालेली वर्गणी मोबाइल नंबरला चिकटते. स्टोअरमधली वर्गणी गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्याला, म्हणजे बहुतेकदा ईमेलला. वडिलांनी नंबरने लॉगिन केलं, मुलाने ईमेलने. सेवेच्या नोंदीत ही दोन वेगळी गिऱ्हाइकं झाली आणि दोघांकडूनही रीतसर पैसे येत आहेत. चूक कुठेच झालेली नसल्यामुळे कोणतीही यंत्रणा आपण होऊन सावध करत नाही. त्यातच प्लॅनसोबत आलेल्या सेवेची रक्कम बिलात बहुधा वेगळी दिसत नाही, म्हणून बिल कितीही बारकाईने वाचलं तरी दुहेरी खर्च सापडत नाही.

तो सापडतो बँकेकडून येणाऱ्या संदेशात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणाऱ्या कपातीची पूर्वसूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते. जाहिरातींच्या गर्दीत हा एसएमएस वाचायचा राहून जातो, पण वर्गणी बंद करण्याची सगळ्यात सोयीची वेळ तीच. शिवाय ईमेलमध्ये ‘GPA’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असलेली पावती असेल, तर ती वर्गणी प्ले स्टोअरमधली समजावी. बँकेच्या तपशिलात ‘APPLE.COM/BILL’ दिसलं, तर पैसे अ‍ॅपलमार्फत गेले आहेत.

दोन्हींपैकी बंद कोणती करायची? प्लॅनमध्येच येणारी सेवा सोडून प्लॅनची किंमत सहसा कमी होत नाही, त्यामुळे स्टोअरमधली वर्गणी थांबवणं फायद्याचं. पण त्याआधी प्लॅनमध्ये नेमकं काय मिळतं ते पाहायला हवं. कित्येकदा ही वर्गणी फक्त मोबाइलवर चालते किंवा एकाच स्क्रीनपुरती असते. नाशिकच्या त्या घरात सामना टीव्हीवरच पाहायचा असेल, तर फुकट आलेली वर्गणी मुलाच्या काहीच उपयोगाची नाही. मग दोन्ही ठेवण्यात अर्थ आहे, पण ते ठरवून झालेलं असावं.

बंद करण्याची जागा स्टोअरमध्येच आहे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारावी, Payments & subscriptions मध्ये जावं आणि Subscriptions निवडावं. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील तर दोन्हींत पाहावं लागतं. यादीत सेवा दिसत नाही म्हणून लोक निश्चिंत होतात आणि ती दुसऱ्याच खात्यावर निघते. आयफोनवर Settings मध्ये सर्वात वर असलेल्या आपल्या नावावर टिचकी मारून Subscriptions उघडायचं.

अ‍ॅप काढून टाकलं की वर्गणी थांबते, हा समज सर्वात महागात पडणारा आहे. अ‍ॅप गेलं तरी कपात चालू राहते. यूपीआय अ‍ॅपमधून मँडेट रद्द केलं तर पैसे जायचे थांबतात, पण स्टोअरच्या दृष्टीने ती थकलेली वर्गणी असते आणि पैसे भरण्याचे निरोप येत राहतात. म्हणून आधी स्टोअरमध्ये रद्द करावं, नंतर मँडेट गेलं का ते तपासावं. रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा सहसा चालू राहते, त्यामुळे मुदत संपायची वाट पाहण्यात काही मिळत नाही.

गेलेले पैसे परत मिळण्याची खात्री नाही, कारण दोन्ही वर्गण्या खरोखरच चालू होत्या. तरी मागायला हवेत. प्ले स्टोअरवरची कपात 48 तासांच्या आतली असेल तर गूगलकडे परताव्याची विनंती करता येते, त्यानंतर अ‍ॅपच्या कंपनीकडे. अ‍ॅपलसाठी reportaproblem.apple.com हे पान आहे. सेवेच्या ग्राहक कक्षाला लिहिताना मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही द्यावेत, सोबत पावती जोडावी. दोन्ही खाती एकाच घरातली आहेत हे त्यांना त्यावरूनच कळतं.

स्टोअरची वर्गणी गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वडिलांनी पुढे नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला किंवा प्लॅन खाली आणला, तर प्लॅनसोबतची सेवा त्याबरोबर जाईल. तेव्हा मुलाला वर्गणी पुन्हा स्वतः घ्यावी लागेल.