बरोबर वाटणारा चुकीचा आकडा

कारखान्यातला वीज मीटर आणि त्याची नोंद ठेवणारा संगणक बहुतेक ठिकाणी मॉडबसवर बोलतात. मोडिकॉन कंपनीने 1979 मध्ये आणलेली ही पद्धत साधी आहे. संगणक विचारतो, ‘अमुक पत्त्यापासून इतकी रजिस्टरे दे’. मीटर तेवढी पाठवतो. मात्र त्या आकड्यांचा अर्थ काय, हे मीटर सांगत नाही. तो लावायचे काम विचारणाऱ्याचे, आणि तिथेच तीन चुका होतात.

पहिली चूक कप्प्याची. इनपुट रजिस्टरे फक्त वाचता येतात; मीटरने मोजलेले व्होल्टेज, करंट बहुधा तिथे असतात आणि ते 04 या आज्ञेने मागवतात. होल्डिंग रजिस्टरे वाचताही येतात, बदलताही येतात. त्यांत सहसा सीटी रेशो, बॉड रेट अशा सेटिंग असतात, आणि त्यांची आज्ञा 03. दोन्ही कप्प्यांत शून्य क्रमांकाचा पत्ता असतो. त्यामुळे 04 ऐवजी 03 दिले तरी उत्तर येऊ शकते, पण ते व्होल्टेज नसून एखादी सेटिंग असते. काही मीटर तीच मोजमापे दोन्ही कप्प्यांत ठेवतात, म्हणून मीटरचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय आज्ञा ठरवू नये.

दुसरी चूक पत्त्याची. माहितीपत्रकात 30001 किंवा 40001 असे क्रमांक छापलेले असतात. त्यातला पहिला आकडा कप्पा दाखवतो, 3 म्हणजे इनपुट आणि 4 म्हणजे होल्डिंग. उरलेली मोजणी 1 पासून सुरू होते. तारेवरून जाणारा पत्ता मात्र 0 पासून मोजतात. म्हणजे 30001 चा खरा पत्ता 0. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही करत नाहीत.

तिसरी चूक क्रमाची. एका रजिस्टरमध्ये 16 बिट मावतात, 230.5 सारखा दशांश आकडा 32 बिटांचा, म्हणून त्याला दोन रजिस्टरे लागतात. एका रजिस्टरमधला मोठा बाइट आधी पाठवायचा, हे मॉडबसमध्ये ठरलेले आहे. दोन रजिस्टरांपैकी मोठे कोणते, हे ठरलेले नाही. ते प्रत्येक उत्पादकाने आपापले ठरवले.

या चुका एकमेकींना कशा झाकतात ते पाहा. समजा, आर फेजवर 230.5, वाय फेजवर 228.25, बी फेजवर 232.75 व्होल्ट आहेत आणि त्यांच्यानंतर आर फेजचा करंट 12.5 अँपिअर आहे. मीटर मोठे रजिस्टर आधी ठेवतो. पत्त्यांवर हेक्समध्ये हे दिसेल:

```
0: 4366   1: 8000
2: 4364   3: 4000
4: 4368   5: C000
6: 4148   7: 0000
```

जोडणाऱ्याने 30001 साठी पत्ता 1 दिला. हाती आले 8000 आणि 4364. हा आकडा शून्याच्या इतका जवळ आहे की पडद्यावर 0.00 दिसते. रजिस्टरांचा क्रम उलटा असला तरी नेमके असेच दिसते, म्हणून त्याने क्रम उलटा केला. आता 4364 8000 वाचले जाते आणि पडद्यावर येते 228.5. आकडा पटण्यासारखा असल्याने काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात यातले पूर्ण व्होल्ट वाय फेजचे आहेत आणि दशांश आर फेजचा. एका चुकीवर दुसरी चूक बसली आहे.

हे उघडे पडते बी फेजवर. तिथे 4148 C000 जोडले जाऊन 12.55 व्होल्ट दिसतात, कारण मोठे रजिस्टर करंटचे आहे. एक फेज गेली असे समजून लोक फ्यूज तपासत बसतात. मीटरच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र 232.75 असते.

म्हणून सॉफ्टवेअरमधले ABCD, CDAB हे पर्याय एकामागून एक लावून पाहू नयेत. आधी कच्ची रजिस्टरे हेक्समध्ये वाचावीत. 128 पासून 512 च्या आतला प्रत्येक दशांश आकडा हेक्समध्ये 43 ने सुरू होतो. आपले 230 आणि 415 व्होल्ट दोन्ही त्यात येतात. त्यामुळे 43 कोणत्या पत्त्यांवर आहे ते लगेच दिसते. पण तेवढ्याने भागत नाही. वरच्या यादीत पत्ता 1 पासून वाचले तर 43 दुसऱ्या जागी दिसेल आणि क्रम उलटा असल्याचा भास होईल. म्हणून पत्ता 0 पासूनच वाचावे, व्होल्टेजच्या पुढचे करंटचे रजिस्टरही मागवावे, आणि तिन्ही फेजचे आकडे दशांशासकट मीटरच्या पडद्याशी ताडावेत. आधी कप्पा, मग पत्ता आणि शेवटी क्रम नक्की करावा. पत्ता पक्का होण्याआधी क्रमाला हात लावला, तर खरी चूक दिसेनाशी होते.