निर्देशांक शांत, शेअर अशांत

२५ एप्रिल २०२४ रोजी बँक निफ्टीचा फक्त बंद भाव पाहिला असता, तर दिवस अगदी साधा वाटला असता. निर्देशांक एक टक्काही हलला नव्हता. किंचित वरच बंद झाला होता. आत मात्र वेगळंच चाललं होतं. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यास मनाई केली होती, आणि त्या दिवशी कोटकचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी चांगल्या निकालांमुळे अ‍ॅक्सिस बँक पाच टक्क्यांहून अधिक चढली. एकाची घसरण दुसऱ्याच्या चढाईने भरून काढली आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नाही.

पुढे ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, याच बँका एका सुरात पडल्या. कोणी कोणाला सावरलं नाही आणि बँक निफ्टी जवळपास आठ टक्के खाली आला.

या दोन दिवसांमधल्या फरकावर पैसे लावण्याची एक पद्धत आहे. तिला बाजारात ‘डिस्पर्शन ट्रेडिंग’ म्हणतात. बाजार वर जाईल की खाली, हा तिचा प्रश्नच नाही. निर्देशांकातले शेअर एकमेकांना धरून चालतील की आपापल्या वाटेने जातील, एवढंच ती विचारते.

सौदा काय असतो?

एकाच भावाचा कॉल आणि पुट एकत्र घेतला की त्याला स्ट्रॅडल म्हणतात. भाव कुठल्याही बाजूला भरपूर हलला तर घेणारा कमावतो, जागच्या जागी राहिला तर विकणारा कमावतो. नेहमीच्या डिस्पर्शन सौद्यात निर्देशांकाचा स्ट्रॅडल विकतात आणि त्यातल्या प्रमुख शेअरचे स्ट्रॅडल विकत घेतात. शेअरनी खूप हलावं आणि निर्देशांकाने कमी, ही अपेक्षा. म्हणजे एप्रिलसारखे दिवस हवेत, जूनसारखे नकोत.

स्ट्रॅडल महाग की स्वस्त, हे ‘इम्प्लाइड व्होलॅटिलिटी’वरून कळतं. ऑप्शनच्या प्रीमियमवरून उलटा हिशेब करून काढलेला हा चढउताराचा अंदाज असतो. तो वार्षिक टक्क्यांत सांगतात. २८ हा आकडा असेल तर महिन्याभरात साधारण आठ टक्क्यांची हालचाल बाजाराने भावात धरलेली आहे, असा त्याचा अर्थ.

आता एक सोपा, काल्पनिक निर्देशांक घेऊ. चार बँका, प्रत्येकीचं वजन २५ टक्के आणि प्रत्येकीची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी २८. चारही बँका अगदी तंतोतंत एकत्र हलल्या, म्हणजे सहसंबंध १ असला, तर निर्देशांकाची व्होलॅटिलिटीही २८च येईल. त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नसला, म्हणजे सहसंबंध शून्य असला, तर ती निम्म्यावर, १४ वर येईल. खरा निर्देशांक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो.

समजा, बाजारात या निर्देशांकाच्या ऑप्शनमधून २१ हा आकडा निघतो. आता तिन्ही आकड्यांचे वर्ग करायचे: १९६, ४४१ आणि ७८४. तळाच्या १९६ पासून वरच्या ७८४ पर्यंतचं अंतर ५८८ आहे आणि त्यातलं २४५ अंतर ४४१ ने कापलेलं आहे. २४५ ला ५८८ ने भागलं की ०.४२ येतात. हा ‘इम्प्लाइड कोरिलेशन’, म्हणजे बाजाराने भावात गृहीत धरलेला सहसंबंध. खऱ्या निर्देशांकात वजनं आणि आकडे वेगवेगळे असल्याने हिशेब लांबतो, पण तत्त्व हेच. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० साठी शिकागोचं सीबो एक्स्चेंज हा आकडा नियमित प्रसिद्ध करतं.

डिस्पर्शन करणारा हा ०.४२ विकतो. महिन्याभरात प्रत्यक्ष सहसंबंध त्याहून कमी निघाला, तर फरक त्याचा.

हा फरक मुळात का असतो?

जूस्ट ड्रिसेन, पास्काल माएनहौट आणि ग्रिगोरी विल्कोव या तीन अभ्यासकांनी २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये यावर निबंध लिहिला. एस अँड पी १०० आणि त्यातल्या शेअरचे ऑप्शन त्यांनी तपासले. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये जो जादा भाव असतो तो मुख्यतः सहसंबंधाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण समजण्यासारखं आहे. एखादी कंपनी बुडाली तर गुंतवणूकदार दुसऱ्या कंपन्यांवर तग धरतो. सगळ्याच एकदम पडल्या तर त्याला आडोसा उरत नाही. त्या दिवसाच्या संरक्षणासाठी मोठे फंड निर्देशांकाचे पुट घेतात आणि चार पैसे जास्त मोजतात.

त्याच निबंधात दुसरा निष्कर्षही होता. कागदावर या सौद्यातून घसघशीत नफा दिसतो, पण खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर आणि मार्जिन हिशेबात धरलं की तो हाती लागत नाही. डिस्पर्शनची सगळी अडचण या दुसऱ्या निष्कर्षात आहे.

एक कोटीचा हिशेब

आपल्या चार बँकांचे मिळून एक कोटी रुपयांच्या शेअरइतके एक महिना मुदतीचे स्ट्रॅडल घेतले, तर २८ व्होलॅटिलिटीला सुमारे साडेसहा लाख रुपये प्रीमियम जाईल. निर्देशांकाचा तेवढ्याच रकमेचा स्ट्रॅडल विकला, तर २१ ला सुमारे चार लाख पंच्याऐंशी हजार येतील. दोन्ही बाजूंना व्होलॅटिलिटीचा एक अंक म्हणजे जवळपास २३ हजार रुपये.

समजा, महिना मनासारखा गेला. बँका २८ नेच हलल्या, पण सहसंबंध ०.२५ निघाला. मग निर्देशांक २१ ऐवजी साडेअठराने हलेल. अडीच अंकांचा फायदा, म्हणजे सुमारे ५८ हजार रुपये. आता खर्च बघा. शेअर ऑप्शनमध्ये घेण्याच्या आणि विकण्याच्या भावांत बऱ्यापैकी अंतर असतं. त्यात आत शिरताना एक अंक आणि मुदतीआधी बाहेर पडताना एक अंक गेला, तर ४६ हजार तिथेच संपले. दलाली आणि एसटीटी अजून बाकीच आहेत.

शिवाय रोजचं काम असतं. भाव हलला की स्ट्रॅडल एका बाजूला झुकतो. तो झुकाव फ्युचर्स घेऊन किंवा विकून पुन्हा शून्यावर आणावा लागतो. याला डेल्टा हेजिंग म्हणतात. हे केलं नाही तर शेअर दहा टक्के पडून मुदतीपर्यंत मूळ भावाला परत आला की त्या पडण्याचा एक पैसाही मिळत नाही. पाच-सहा शेअर आणि निर्देशांक यांच्यासाठी हे काम रोज, कधी दिवसातून अनेकदा करावं लागतं आणि दर वेळी खर्च होतो.

वाईट महिना

आता संकट आणू. चारही बँकांची व्होलॅटिलिटी २८ वरून ५० वर गेली आणि सहसंबंध ०.८५ झाला. अशा वेळी निर्देशांक ४७ ने हलतो. शेअरच्या बाजूला २२ अंक कमावले, निर्देशांकाच्या बाजूला २६ गमावले. निव्वळ तोटा सुमारे ९५ हजार. झोंबणारा आहे, पण सोसण्यासारखा.

पण पुष्कळजण समान रकमेने सौदा करत नाहीत. तसं केलं तर प्रीमियम मिळतो त्यापेक्षा जास्त जातो आणि शांत दिवसांत रोज थोडी झीज सोसावी लागते. ती टाळण्यासाठी निर्देशांकाचा स्ट्रॅडल एक कोटीऐवजी एक कोटी ३३ लाखांचा विकतात. आलेला आणि गेलेला प्रीमियम सारखा होतो, खिशातून काहीच गेलं नाही असं वाटतं. त्याच संकटात या रचनेचा तोटा सुमारे तीन लाख होतो. ‘बाजार-निरपेक्ष’ म्हणून दाखवलेल्या सौद्यात खरं तर निर्देशांकाची ३३ लाखांची उघडी विक्री लपलेली असते. कोणाचाही डिस्पर्शनचा हिशेब पाहताना पहिला प्रश्न या प्रमाणाचा विचारावा.

हे आकडे सुद्धा हेजिंग सुरळीत चाललं असं धरून काढलेले आहेत. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स दहा टक्के पडताच व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. तेवढ्या वेळात हेजिंग करायला बाजारच नव्हता. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण आणखी वाढली आणि दिवसअखेर जवळपास तेरा टक्क्यांवर गेली. विकलेल्या निर्देशांकावर जादा मार्जिन त्याच दिवशी भरावं लागतं; शेअरच्या बाजूचा नफा कागदावर असतो आणि तो सोडवायला गेलं तर समोर भाव देणारा मिळेलच असं नाही.

आकडा फसवतो तो असा

०.४२ जास्त की कमी, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. तिमाही निकालांच्या आधी प्रत्येक शेअरच्या ऑप्शनचे भाव फुगतात, निर्देशांकाचे तेवढे नाही. त्यामुळे इम्प्लाइड कोरिलेशन खाली दिसतं, निकाल लागले की शेअरचे प्रीमियम बसतात आणि महाग घेतलेले स्ट्रॅडल अंगावर येतात. निवडणुकीच्या निकालाआधी उलट घडतं. सगळे शेअर एकाच बातमीची वाट पाहत असतात, सहसंबंध महाग दिसतो आणि विकण्याचा मोह होतो. पण ४ जूनसारखा दिवस आला की तो महाग का होता ते कळतं.

भारतात दोन अडचणी वेगळ्या राहिल्या आहेत. निर्देशांकाच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत मिटतो, पण शेअर ऑप्शनमध्ये मुदतीला प्रत्यक्ष शेअर द्यावे किंवा घ्यावे लागतात, आणि फायद्यात असलेल्या खरेदीवरही शेवटच्या चार दिवसांत चढतं मार्जिन लागतं. मुदतही दर वेळी जुळायचीच असं नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये बँक निफ्टीचे मासिक ऑप्शन बुधवारी, २४ तारखेला संपले आणि शेअरचे गुरुवारी, २५ ला. कोटक कोसळला तेव्हा सौद्याचा एक पाय संपलेला होता.

शेवटी लॉटचा प्रश्न. निर्देशांकाच्या एका लॉटमध्ये आठ टक्के वजनाच्या बँकेचा वाटा लाख-दीड लाखांचा भरतो, पण त्या बँकेच्या शेअरचा एकच लॉट अनेक लाखांचा असतो. वजनं जुळवायची तर निर्देशांकाचे बरेच लॉट विकावे लागतात, आणि त्यांचं मार्जिन अनेक लाखांत जातं. संगणकावर अख्खी टोपली एकदम सांभाळणाऱ्या आणि खर्च पैशा-पैशाने कमी करणाऱ्या संस्थांना हे जमतं. घरून व्यवहार करणारा मग बँक निफ्टीचा स्ट्रॅडल विकतो आणि जोडीला परवडतील तेवढ्या दोन बँका घेतो. त्या दोन बँका हलल्या नाहीत आणि बाकीच्यांनी निर्देशांक ओढला, तर त्याच्याकडे डिस्पर्शन नसतंच. उरते ती फक्त निर्देशांकाची उघडी विक्री, आणि वर दोन प्रीमियमचा खर्च.